तिसरीच्या बाईंची शेवटची पालक सभा

बीड जिल्ह्यातली एक जिल्हा परिषद शाळा. १ मे, निकालाचा दिवस. झेंडावंदन उरकलंय आणि तिसरीच्या वर्गात सतरंजीवर पालक बसलेत. बरेचसे नुकतेच ऊसतोडीहून परतलेले. बाईंची बदली झाली आहे. जूनमध्ये त्या दुसऱ्या तालुक्यात रुजू होतील.

प्रगतिपुस्तकासोबत त्या प्रत्येकाला एक चिठ्ठी देतात. निरोपाचं त्यात काहीच नाही. ज्यांना वाचता येत नाही, त्यांच्यासाठी त्या ती मोठ्याने वाचतात.

"श्रेणी चांगली आहे म्हणून लेकरू वाचतंय, असं धरून चालू नका. धडा घडाघडा म्हणत असेल, तर मधल्याच एका ओळीवर बोट ठेवा आणि तिथून वाचायला सांगा. अडखळलं, तर धडा पाठ आहे, वाचन अजून यायचंय. हे ओळखायला आईबापाला अक्षर यावं लागत नाही."

एका मुलाला त्या पुढे बोलावतात आणि हातात लग्नपत्रिका देतात. 'मंगल' सरळ वाचतो, पुढच्या शब्दाला मात्र 'कायालय' म्हणतो. रफार सुटला. बाई फळ्यावर चार शब्द लिहितात: सूर्य, चक्र, ट्रक, वाऱ्यावर. र एकच, पण चारही ठिकाणी त्याचं रूप निराळं. तिसरीतली कितीतरी मुलं इथेच अडतात आणि अंदाजाने शब्द ठोकून पुढे जातात, म्हणून ते कुणाच्या ध्यानातही येत नाही. बाई त्याला रफाराचा 'र्' आधी म्हणायला लावतात, मग 'या'. "कार्... या... लय." दुसऱ्या खेपेला तो अख्खा शब्द वाचतो.

"हे रोज करायचं का, बाई?" त्याची आई विचारते.

"रोज दहा मिनिटं. एसटीची पाटी, तेलाची पिशवी, काहीही चालेल."

चिठ्ठीचा दुसरा भाग कारखान्याचा. दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात. लेकराला गावातच ठेवायचं असेल, तर हंगामी वसतिगृहाची चौकशी आधीच करा, असं बाई सांगतात. सोबत न्यावंच लागलं, तर शाळेतून शिक्षण हमी कार्ड घ्या. तिकडच्या शाळेने दाखल्यासाठी अडवलं, तर ऐकू नका. दाखला नाही म्हणून शिक्षण हक्क कायद्याखाली प्रवेश नाकारता येत नाही.

छापील मजकुराखाली प्रत्येक चिठ्ठीवर बाईंनी पेनाने एकेक ओळ लिहिली आहे. आमच्या मते चिठ्ठीचं खरं मोल याच ओळीत आहे, कारण मधले महिने कोण वर्गात नव्हतं, हे नव्या शिक्षकांना हजेरीपटावरून कळेल, पण त्याचं नेमकं काय राहिलं, ते कळणार नाही. एका मुलीच्या चिठ्ठीवर लिहिलंय: "हातच्याची वजाबाकी शिकवली तेव्हा ही कारखान्यावर होती. ५२ वजा २७ केलं की ३५ लिहिते. आधी काड्यांचे गठ्ठे सोडायला द्या, मग वही."

तिचे वडील चिठ्ठीची घडी करून खिशात ठेवतात. बाई त्यांना थांबवतात. "दादा, ही प्रगतिपुस्तकातच ठेवा. जूनमध्ये पहिल्याच दिवशी नव्या गुरुजींच्या हातात द्यायची."