पाणमोट कधी फुटली?

शिरूर तालुक्यातला हा गोठा. विण्याला टेकलेली संकरित गाय वेगळ्या कप्प्यात बांधलेली, वर कॅमेरा. हालचाल झाली की मालकाचा मोबाइल वाजायला हवा. त्या रात्री तो वाजला नाही, कारण सूचनांना कंटाळून मालकानं आवाजच बंद केला होता. मध्यरात्री पाणी प्यायला उठल्यावर त्यानं सहज फोन उघडला.

चित्र काळंपांढरं. गाय बसते, उठते, मागं वळून बघते, परत बसते. शेपटीखाली एकच पाय बाहेर.

गोठ्याकडे धावतानाच त्यानं डॉक्टरांना फोन लावला. पहिला प्रश्न, "पाणमोट कधी फुटली?"

एरवी या प्रश्नाला ‘मघाशी’ एवढंच उत्तर मिळतं. इथं त्यानं रेकॉर्डिंग मागं नेलं. तास उलटून गेला होता. गाय कळा देतेय आणि तासाभरात वासरू पुढं सरकत नाही, तर वाट बघायची नसते.

"खुराचा तळवा वर आहे की खाली?"

"खाली."

"म्हणजे पाय पुढचा आहे. ओढू नका दादा, मी निघालो."

दुसरा पाय गुडघ्यात मुडपून आत अडकला होता. ओढाओढ केली असती तर तो आणखी घट्ट रुतला असता. डॉक्टरांनी दोन कळांच्या मधे वासरू थोडं आत लोटलं, खूर तळहातानं झाकला, म्हणजे गर्भाशय फाटत नाही, आणि पाय सरळ करून बाहेर आणला. मग दोऱ्या लावून कळेबरोबर ओढ. कालवड झाली. थोड्याच वेळात तिला चीक पाजला.

सकाळी मालक शिडी घेऊन कॅमेऱ्याकडे. रात्रभर मोबाइल वाजवायची ती गाय नव्हतीच. कॅमेऱ्याच्या अदृश्य दिव्याभोवती जमणारे किडे आणि भिंगापुढचं कोळ्याचं जाळं, हे खरे गुन्हेगार. जाळं झाडलं. कॅमेऱ्याचा दिवा बंद केला आणि लांब कोपऱ्यात छोटा बल्ब लावला. किडे तिकडे गेले. टिपायची चौकट फक्त कप्प्यापुरती आखली, पंखा आणि शेजारच्या गाई बाहेर. संवेदनशीलता इतकी उतरवली की कान-शेपटी हलली तर फोन गप्प राहिला तरी चालेल, पण गाय उठली की वाजलाच पाहिजे. सूचना रोज नकोत. रेतनाच्या तारखेपासून २७० दिवस झाले की चालू. आता फोन एकदा वाजला तर मालक कूस बदलतो. अर्ध्या तासात तीनदा वाजला, की चपला घालतो.

पण दुग्धज्वर, म्हणजे व्यायलेल्या गाईच्या रक्तातलं कॅल्शियम घटून होणारा आजार? त्यात पहिल्या दोन-तीन दिवसांत गाय मान पोटाकडे वळवून गप्प पडून राहते. हालचालच नाही, मग सूचना कसली? त्या रात्रींसाठी त्यानं मोबाइलमध्ये साधा गजर लावलाय. तीन वाजता उठायचं आणि स्वतः जाऊन तिचे कान गार लागतात का ते बघायचं.