एक हळद, तीन पोस्ट

(सांगलीत छोट्या उद्योजकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, आपण आज एकच उदाहरण घेऊ. समजा, हरिपूरच्या एका शेतकरी गटाला जाहीर करायचंय की शनिवारी, 14 तारखेला सकाळी 9 वाजता शेतावर नव्या हळदीची पहिली काहील शिजणार आहे. लोकांनी बघायला यावं, आणि गेल्या हंगामातल्या हळदीची पावडर 200 ग्रॅमच्या पाकिटात थेट घेऊन जावी.

गटातला एखादा मुलगा मजकूर लिहितो आणि तोच लिंक्डइन, इन्स्टाग्राम, फेसबुक तिन्हीकडे चिकटवतो. मग इन्स्टाग्रामच्या मजकुरात दिलेली लिंक दाबून उघडतच नाही, आणि लिंक्डइनवरचा मसाल्यांचा व्यापारी ‘सहकुटुंब या’ वाचून पुढे सरकतो. त्याला इंदूरहून काहील बघायला यायचंच नाहीये.

म्हणून मी आधी लिहायला बसत नाही. कागदावर प्रत्येक ठिकाणासमोर एकच क्रियापद लिहिते. लिंक्डइन: नमुना मागवा. इन्स्टाग्राम: मेसेज करा. फेसबुक: या. क्रियापद ठरलं की कोणता तपशील वर यायचा, ते आपोआप ठरतं.

घाऊक खरेदीदार काय विचारतो? महिन्याला किती किलो देऊ शकता, कुरकुमिन किती टक्के, ओलावा किती, प्रयोगशाळेचा अहवाल आहे का, अन्नसुरक्षेचा परवाना आहे का. लिंक्डइनवर सुरुवातीच्या दोन-तीन ओळीच दिसतात, बाकी मजकूर ‘पुढे वाचा’मागे जातो. तेव्हा महिन्याचा पुरवठा आणि अहवाल पहिल्याच ओळीत. काहील शिजण्याची गोष्ट खाली, पण ती काढू नका. माल कुठे, कसा तयार होतो याचा तो पुरावा आहे. खरेदीदार परराज्यातले असतील, तर ही पोस्ट इंग्रजीत लिहा.

इथे एक सांभाळा. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पण ते आपल्या पाकिटावर लावायचं तर गटाची अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी हवी. नोंदणी नसेल, तर तिन्हीकडे ‘हरिपूरची हळद’ एवढंच लिहा. लिंक्डइनवर कागद मागणारा माणूस फेसबुकवरही असतो.

इन्स्टाग्रामवर चित्र आधी बोलतं. काहिलीतून उठणारी वाफ, ओल्या हळकुंडाचा मोडून दाखवलेला केशरी गाभा. मजकुरातली साधारण 125 चिन्हं सुरुवातीला दिसतात, आणि मराठीत इथेच फसगत होते. ‘सांगलीची’ हा आपल्या लेखी चार अक्षरांचा शब्द. संगणक त्यात काना, अनुस्वार, वेलांट्या वेगळ्या धरून आठ चिन्हं मोजतो. म्हणजे पंधरा-वीस शब्दांत काम आटपायचं. मी लिहीन: ‘शनिवारी हरिपूरला नव्या हळदीची पहिली काहील शिजणार. यायचंय? मेसेज करा.’ लिंक हवीच असेल तर ती प्रोफाइलमध्ये.

फेसबुकवर आपले आतेभाऊ, शाळेतले बाई-सर, शेजारच्या गावातले लोक असतात. त्यांना पत्ता सांगताना नकाशाची लिंक पुरत नाही. ‘संगमेश्वराच्या देवळापासून किती पुढे, कुठल्या बाजूला, गाडी कुठे लावायची, आजीला बसायला सावली आहे का’ हे लिहा, आणि फोन उचलणाऱ्या माणसाचा नंबर द्या.

आता चित्रातल्या अक्षरांचा प्रश्न. फेसबुकवरचं चित्र लोक उतरवून घेतात आणि घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतात. मजकूर मागेच राहतो. त्यामुळे तिथल्या चित्रावर वार, तारीख, वेळ, गाव, फोन हवेतच. इन्स्टाग्रामचं उलटं करा. तिथे टाकलेला फोटो नंतर बदलता येत नाही, मजकूर मात्र दुरुस्त होतो. म्हणून वेळ आणि किंमत मजकुरात ठेवा.

हे मी ठेच लागून शिकले. एका कार्यक्रमाची वेळ 9 ऐवजी 11 झाली. मी तिन्हीकडचा मजकूर लगेच सुधारला, पण फेसबुकच्या चित्रावर 9 तसेच राहिले, आणि ते चित्र कितीतरी ग्रुपवर पोचलेलं होतं. सकाळी नऊला वीसेक माणसं दारात उभी होती. त्यात एक आजोबा मिरजेहून एसटीने आलेले. त्यांना दोन तास बसवून ठेवताना झालेला संकोच अजून आठवतो.

तेव्हापासून वार, तारीख, वेळ, किंमत, वजन, फोन एका कागदावर लिहून ठेवते. पोस्ट टाकण्याआधी तिन्ही मसुदे, चित्रांसकट, शेजारी ठेवायचे आणि एकाने कागद वाचायचा, दुसऱ्याने बोट ठेवून बघायचं. वेळ बदललीच, तर जुन्या चित्राची पोस्ट काढून टाकून नवीन टाकायची, चित्रावरच मोठ्या अक्षरांत ‘बदललेली वेळ’ लिहून, म्हणजे पुढे पाठवणारा तेच पाठवेल.