जुनी मैत्रीण, नवी जागा

नमस्कार श्रोतेहो. तीन वर्षं माझ्या शेजारच्या टेबलावर बसलेली एक मैत्रीण नोकरी बदलून दुसरीकडे भरतीचं काम बघू लागली. एका संध्याकाळी तिचा मेल आला, 'काय गं, आहेस कुठे? आमच्याकडे एक जागा निघालीय, अगदी तुझ्यासारखीसाठी. सीव्ही पाठव ना!'

आनंदाच्या भरात मी लिहून गेले, 'हा घे! इथल्या साहेबांना जाम वैतागलेय, कुठेही यायला तयार आहे.' मुलाखतीत पहिलाच प्रश्न आला, 'सध्याच्या साहेबांशी पटत नाही का?' मैत्रिणीनं चुगली केली नव्हती. सीव्ही विभागप्रमुखांना पाठवताना तिनं माझा मेल जसाच्या तसा पुढे ढकलला होता, इतकंच. भरती करणाऱ्याचं ते रोजचंच काम असतं.

तेव्हापासून मी गप्पा आणि अर्ज वेगळे ठेवते. चॅटवर मनमोकळं लिहावं, 'तुझा निरोप बघून फार बरं वाटलं! कामाचं स्वरूप मेलवर पाठवशील? सीव्ही तिथेच जोडते.' मेलमध्ये मात्र पहिली एक ओळ आपुलकीची, आणि बाकीचा मजकूर असा, की अनोळखी माणसानं वाचला तरी चालेल. जुन्या ऑफिसचे किस्से त्यात नकोत.

आता 'तू' म्हणायचं की 'तुम्ही'? दोघींतच बोलणं असेल तर 'तू'च ठेवा. एकदम 'आपण' म्हटलंत तर तिला वाटेल, ही रागावली की काय! मेलमध्ये तिचे वरिष्ठही असतील, तर वाक्यच असं करा की प्रश्न उरत नाही: 'सीव्ही सोबत जोडला आहे. मुलाखतीसाठी मंगळवारी दुपारी 3 नंतर वेळ आहे.' मुलाखतीत ती समोर बसली असेल तर सरळ 'तुम्ही'.

सगळ्यात अवघड जातो तो पगार. मैत्रीण फोनवर हळूच विचारते, 'मला खरं सांग, कमीत कमी कितीवर येशील?' इथे जीभ सैल सुटते. पण तिचा पगार ती कंपनी देते. तुम्ही तळाचा आकडा सांगितलात, तर तिला तो वरिष्ठांपासून लपवावा तरी लागेल, नाहीतर तुमच्याविरुद्ध वापरावा तरी लागेल. मैत्रिणीला अशा पेचात कशाला टाकायचं? मी म्हणते, 'कामाचा आवाका कळला की आकडा सांगते. या जागेसाठी तुमच्याकडे किती ते किती ठरलंय?' हे हसून विचारता येतं, आणि तिलाही उत्तर देणं सोपं जातं. बाकीचे उमेदवार कोण आहेत, हे मात्र तिला विचारू नका.

जागा नको असेल, तर ओळखीच्या भरवशावर तिला ताटकळत ठेवू नका. त्याच मेलवर दोन ओळी लिहा, 'सध्या प्रवास जास्त असलेलं काम घेता येणार नाही. माझं नाव यादीतून काढावं, ही विनंती.' ही ओळ ती वरिष्ठांना दाखवू शकते. आणि 'भेटू या गं एकदा' हे त्याच दिवशी चॅटवर लिहा.