तेल, चिंधी आणि सहाशे फूट पाणी

(दृश्य: खाडीचं संथ पाणी, काठावरची हिरवळ)

हे सिडनी बंदरातलं मॉर्ट बे. आज इथे बाग आहे. 1951 साली इथे मॉर्ट्स डॉक कंपनीची जहाजदुरुस्तीची गोदी होती. लाकडी धक्क्याला ‘कॉरिमल’ नावाचं जहाज लागलेलं होतं आणि त्याच्यावर वेल्डिंगचं काम चालू होतं. तिथून साधारण सहाशे फुटांवर, खाडीच्या दुसऱ्या बाजूच्या धक्क्याला ‘वॅगन माउंड’ हे तेलवाहू जहाज इंधन भरून घेत होतं.

30 ऑक्टोबरच्या पहाटे त्या जहाजावरच्या लोकांच्या हलगर्जीपणामुळे भट्टीचं जाडं तेल पाण्यात सांडलं. बरंच सांडलं. ते गोळा करायची तसदी न घेता त्याच दिवशी जहाज निघून गेलं.

(दृश्य: काचेचं भांडं, पाण्यावर तेलाचा काळा थर)

आता इथे नीट पाहा. हे तसंच जाडं तेल आहे. जळती काडी त्यावर टाकली, आणि ती विझली. पुन्हा टाकली, पुन्हा विझली. या तेलाला पेट घेण्याइतकी वाफ सुटायला साधारण 77 अंश सेल्सिअस तापमान लागतं, आणि खालचं गार पाणी त्याला तापू देत नाही. आता तेलावर सुती चिंधीचा तुकडा तरंगत ठेवू. चिंधी तेल शोषते, समईतल्या वातीसारखी. ती धुमसत राहिली की भोवतालचं थोडंसं तेल तापतं, पेटतं, आणि मग ज्वाळा आपली वाट आपणच काढते.

गोदीतही हेच घडलं. तेल पाहून तिथल्या मॅनेजरने वेल्डिंग थांबवलं होतं. त्याने पलीकडच्या धक्क्यावर चौकशी केली, धोका नाही असं त्याला वाटलं, आणि काम पुन्हा सुरू झालं. 1 नोव्हेंबरला वितळलेल्या धातूचा कण खाली पडला. पाण्यावर कसला तरी कचरा तरंगत होता आणि त्यावर सुती चिंधी. धक्का जळाला, कॉरिमलही होरपळलं.

(दृश्य: जुन्या कायद्याच्या पुस्तकांची रांग)

तेल सांडलं नसतं तर आग लागलीच नसती. कार्यकारणाची साखळी जुळते, त्याबद्दल वाद नाही. पण साखळी जुळली म्हणून प्रत्येक कडीचं बिल चूक करणाऱ्याच्या नावावर फाडायचं का? 1921 च्या पोलेमिस खटल्यात इंग्लंडच्या अपील न्यायालयाने जवळपास तसंच केलं होतं. कामगारांच्या चुकीने जहाजाच्या तळघरात एक फळी पडली, ठिणगी उडाली, साचलेली वाफ पेटली आणि जहाज खाक झालं. ठिणगीचा अंदाज कुणालाच येण्यासारखा नव्हता. तरीही, नुकसान त्या कृत्यातून थेट झालं ना, मग भरा.

मॉर्ट्स डॉकने वॅगन माउंडवाल्यांवर भरपाईचा दावा लावला. तो वाद लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे ऑस्ट्रेलियातली अपिलं तेव्हा जिथे जायची त्या न्यायपीठापर्यंत गेला. 1961 साली व्हायकाउंट सायमंड्स यांनी निकाल वाचला आणि पोलेमिसचा नियम बाजूला ठेवला. वाजवी माणसाला ज्या प्रकारच्या नुकसानीचा अंदाज आला असता, तेवढ्याचीच जबाबदारी. तेलाने धक्के माखतील हे कुणालाही कळलं असतं. आग लागेल हे कळण्याजोगं नव्हतं. मॉर्ट्स डॉक हरली. क्षुल्लक चुकीपायी माणसाला कितीही अतर्क्य संकटाचा धनी करायचं, हे मला तरी न्यायाचं वाटत नाही.

(दृश्य: पाण्यावरचा काळा तवंग, अगदी जवळून)

पण या खटल्यात एक गोम होती आणि ती पुराव्यात दडली होती. आगीचा धोका ओळखता आला असता, असं गोदीवाल्यांना कोर्टात म्हणताच येत नव्हतं. म्हटलं असतं तर लगेच प्रश्न आला असता: मग त्या तेलावर तुम्ही वेल्डिंग का केलंत? सिडनीच्या न्यू साउथ वेल्स राज्यात तेव्हा वादीची थोडीशी चूक निघाली तरी सगळा दावा बुडायचा. हा नियम 1965 मध्ये बदलला.

जळालेल्या जहाजांच्या मालकांनी वेल्डिंग केलेलं नव्हतं. त्यांना असं काही अडलेलं नव्हतं. त्यांनी वेगळा पुरावा मांडला आणि त्यांच्या खटल्यात निष्कर्ष निघाला की आगीची शक्यता अगदी थोडी होती, पण खरी होती. 1966 साली त्याच प्रिव्ही कौन्सिलमध्ये लॉर्ड रीड यांनी विचारलं ते एवढंच: तेल सांडणं थांबवायला काही अडचण होती का, खर्च होता का? नव्हता. उलट तेल वाया जात होतं. इतक्या स्वस्तात टळणारा धोका, मग तो कितीही विरळा असो, शहाणा माणूस टाळतोच.

आग तीच, तेल तेच. या वेळी वॅगन माउंडवाल्यांना पैसे भरावे लागले.

(दृश्य: चिंधी पूर्ण जळते, तवंगावर ज्वाळा पसरत जाते)