गर आईचा, बाठा पुढच्या पिढीचा

हापूस खाऊन त्याचा बाठा कुंडीत लावला तर हापूसच येईल का, हा प्रश्न आंब्याच्या प्रत्येक कार्यक्रमात विचारला जातो, म्हणून आज तेवढ्यावरच बोलू. उत्तर असं आहे की झाड येईल, आंबेही येतील, पण ते हापूस नसतील.

आपण खातो तो गर आणि वरची साल, दोन्ही आईच्या झाडाचा भाग असतात. मोहोरावर कुठल्याही झाडाचे परागकण येऊन पडले तरी गराची चव आईचीच राहते. बाठ्याच्या आतली कोय मात्र फलनातून तयार होते. तिच्यात अर्धा वाटा आईचा आणि अर्धा परागकण देणाऱ्या झाडाचा असतो. आंब्यात परागकण वाहून नेतात मुख्यतः माश्या आणि तसलेच छोटे कीटक. ते कुठल्या झाडावरून आले याची नोंद कुणाकडे नसते. म्हणजे तुम्ही चाखलेली चव आईची आणि पेरलेली कोय पुढच्या पिढीची.

यावर कुणी म्हणेल, बागेत सगळी हापूसचीच झाडं असतील तर बापही हापूसच झाला ना? तरीही जमत नाही. हापूस मुळात संकरातूनच आलेला आहे. गोडी, वास, रेषा, सालीची जाडी, या गुणांना जबाबदार जनुकांच्या त्याच्या जोड्यांत दोन जनुकं बऱ्याचदा एकमेकांपेक्षा वेगळी असतात. पुढच्या पिढीत त्या फुटतात आणि नव्याने जुळतात. हापूसमध्ये हे गुण ज्या मेळाने एकत्र आले आहेत, तो मेळ जसाच्या तसा पुन्हा बसणं जवळजवळ अशक्य. म्हणून बाठ्यापासून आलेल्या रायवळ झाडांत एक आंबट, एक रेषाळ, एक बारीक फळांचं आणि क्वचित एखादं उत्तम निघतं.

ते क्वचित निघणारं उत्तम झाडही खरंच असतं. रत्ना ही जात नीलम आणि हापूस यांच्या संकरातून कोकण कृषी विद्यापीठाने काढली. तिच्या फळात साका, म्हणजे गरात पांढरट, स्पंजासारखा भाग, होत नाही; हापूसमध्ये तो होतो. पण अशी जात मिळवायला पुष्कळ रोपं वाढवून, फळं येईपर्यंत थांबून, त्यातलं एखादं ठेवून बाकीची बाद करावी लागतात. अंगणात एकाच झाडापुरती जागा असेल तर ही सोडत खेळू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आंब्याच्या काही जाती मात्र वेगळ्या वागतात. ओलूर, बाप्पाकाई, वेल्लाईकोलंबन या जातींच्या एकाच कोयीतून दोन-चार कोंब येतात. त्यातले बहुतेक कोंब फलनाशिवाय, थेट आईच्या पेशींपासून तयार झालेले असतात. असं रोप वाढवलं तर ते आईसारखंच निघतं. फलनातून आलेला एखादा कोंब त्यांच्यात असू शकतो, आणि नुसतं बघून तो नेमका ओळखता येत नाही. हापूस, केशर, दशहरी या जातींच्या कोयीत एकच गर्भ असतो आणि तो फलनातूनच आलेला असतो, त्यामुळे तिथे ही सवलत नाही.

आता कलम. कलमात खालचा भाग खुंट आणि वरची काडी. काडी हापूसच्या झाडाची असेल तर तिच्यावर वाढणारी प्रत्येक फांदी म्हणजे त्याच झाडाचं लाकूड. मध्ये नवी पिढी येत नाही, म्हणून फळ बदलत नाही. शिवाय काडी वयात आलेल्या झाडाची असल्याने कलमाला तिसऱ्या-चौथ्या वर्षीच मोहोर येतो. रायवळ रोपाला साधारण सहा-सात वर्षं, कधी दहाही लागतात. लागवडीनंतर पहिल्या तीन वर्षांत मोहोर आलाच तर तो खुडून टाकावा. नाहीतर पोसायला फांद्या नसताना झाड फळं धरतं आणि खुरटतं.

याचा अर्थ स्वयंपाकघरातला बाठा फेकायचा असं नाही. खुंट म्हणून तो उत्तम आहे, आणि कोय कलम घरीही बांधता येतं. बाठा धुऊन सावलीत एक-दोन दिवस सुकवा. उन्हात ठेवू नका. कोय ओलसर असते तोवरच जिवंत असते. महिनाभर कपाटात पडलेला बाठा बहुधा रुजत नाही. बाठ्याची कड सिकेटरने अलगद कापून आतली कोय काढा. ती काळी पडली असेल किंवा तिच्यात भुंग्याची अळी असेल तर टाकून द्या. चांगली कोय फुगीर कड वर ठेवून दोन-तीन सेंटिमीटर खोल पेरा. दोन-तीन आठवड्यांत तांबूस कोंब वर येतो.

कोंब दहा-पंधरा दिवसांचा, अजून तांबूस आणि लवचीक असताना कलम बांधायचं. काडी तीन-चार महिने वयाची, पेन्सिलीपेक्षा थोडी बारीक, दहा ते पंधरा सेंटिमीटर लांब हवी. तिचा शेंड्याचा डोळा फुगलेला, पण न फुटलेला असावा. झाडावर असतानाच, आठवडाभर आधी तिची पानं देठ ठेवून कापा. बोट लागताच देठ गळून पडला की काडी तयार झाली. कोंब जमिनीपासून सहा-सात सेंटिमीटरवर आडवा कापून मधोमध तीन-चार सेंटिमीटरचा चीर द्या. काडीचं टोक तेवढ्याच लांबीच्या पाचरीसारखं तासून चिरेत बसवा. काडी आणि कोंब सारख्या जाडीचे नसतील तर निदान एका बाजूची साल सालीला तंतोतंत भिडली पाहिजे, कारण जोड तिथूनच भरतो. प्लास्टिकच्या पट्टीने घट्ट बांधा, काडीवर छोटी पिशवी उलटी घाला आणि रोप सावलीत ठेवा. पावसाळ्याची दमट हवा याला सर्वांत अनुकूल. दोन-तीन आठवड्यांत डोळा फुटला की पिशवी काढा. काडी काळी पडली तर बुरशी लागली. ती हिरवी असूनच सुरकुतली तर जोड भरण्याआधीच ती सुकली, म्हणजे साल भिडली नव्हती किंवा बांधणी सैल होती.

विकतचं कलम घेताना आधी जोड बघा. तिथे फट किंवा डिंक नको, आणि वरच्या भागावर पालवीचे निदान दोन फेरे आलेले हवेत. जोडावर जुनी पट्टी असेल तर लावताना ती कापून काढा. खोड जाड होताना ती आत रुतते आणि पुढे वाऱ्याने झाड तिथेच मोडतं. लावताना जोड मातीच्या वर ठेवा.

कलम लावलं आणि तरी आंबा भलताच निघाला, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. त्यातल्या बऱ्याच झाडांवर जोडाच्या खालून फूट आलेली असते. खुंट रायवळ असल्याने ती फूट जोमदार असते. ती वरच्या काडीला मागे टाकते, काडी वाळते आणि उरतं ते बाठ्याचं झाड. म्हणून पहिली दोन-तीन वर्षं दर पंधरा दिवसांनी जोडाखाली बघा आणि तिथला प्रत्येक फुटवा कोवळा असतानाच अंगठ्याने मोडून काढा. कात्रीने वरून कापला तर तळाच्या डोळ्यांतून तो परत येतो.