पाचशे रुपये आले कुठून? सोसायटीच्या सचिवांना लिहायचं एक पत्र

नमस्कार श्रोतेहो. गृहनिर्माण संस्थांचे हिशेब तपासणं हा माझा रोजचा उद्योग. हल्ली माझ्याकडे हिशेबाच्या वह्यांपेक्षा मोबाइलवरचे स्क्रीनशॉट जास्त येतात. सोसायटीच्या ग्रुपवर सूचना पडते, कुणीतरी तिचा स्क्रीनशॉट काढून पुढे पाठवतं आणि खाली प्रश्न असतो, "हे बरोबर आहे का हो?" आज अशाच एका स्क्रीनशॉटबद्दल आणि त्यावर सचिवांना लिहिलेल्या पत्राबद्दल बोलणार आहे.

एका बाईंची सदनिका भाड्याने दिलेली आहे. त्या स्वतः दुसऱ्या गावी राहतात, त्यामुळे फलकावरची सूचना त्यांनी पाहिलेली नाही. हाती होता तो फक्त स्क्रीनशॉट. त्यात तीन ओळी वाचता येत होत्या. भाड्याने दिलेल्या सदनिकांना बिनभोगवटा शुल्क दरमहा ₹500. आकारणी 1 एप्रिलपासून. चार महिन्यांचे ₹2,000 या महिन्याच्या बिलासोबत भरावेत. चौथी ओळ निम्मी कापलेली होती, त्यात "21%" एवढंच दिसत होतं. वर सूचनेचा जावक क्रमांक नाही, तारीख नाही, खाली सही नाही. कोपऱ्यात वेळ होती, पण ती मोबाइलची, म्हणजे स्क्रीनशॉट कधी काढला याची. सूचना कधी निघाली, ते त्यावरून कळत नाही.

बाईंचा पहिला प्रश्न होता, "असं शुल्क लावता येतं का मुळात?" येतं. मालक स्वतः राहत नसेल आणि जागा भाड्याने दिली असेल, तर संस्था बिनभोगवटा शुल्क घेऊ शकते. मालकाचे आईवडील, मुलं, भाऊ, बहीण असे जवळचे नातेवाईक राहत असतील तर ते लागत नाही. जागा नुसती कुलूपबंद असेल तरी लागत नाही. या बाईंनी रीतसर करार करून भाडेकरू ठेवला आहे. म्हणजे शुल्क लागू आहे, वाद फक्त रकमेचा आहे. हे आधीच मान्य केलं की पत्राला वजन येतं. "एक पैसाही देणार नाही" अशी सुरुवात केलेलं पत्र सचिव पुढे वाचतच नाहीत, आणि वाचलं तरी त्यांना उत्तर सोपं जातं.

आता रकमेकडे वळू. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम 79 अ खाली राज्य शासनाने 1 ऑगस्ट 2001 रोजी आदेश काढला. त्यानुसार हे शुल्क सेवा शुल्काच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त असू शकत नाही. पुढे 2007 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही तो आदेश कायम ठेवला. बहुतेकांना यातला 10 टक्के हा आकडा ठाऊक असतो. घोटाळा होतो तो पुढच्या दोन शब्दांत. दहा टक्के कशाचे?

बाईंचं बिल माझ्यासमोर आहे. मालमत्ता कर ₹900, पाणी ₹450, सेवा शुल्क ₹1,800, दुरुस्ती निधी ₹750, सिंकिंग फंड ₹250, लिफ्ट ₹350, पार्किंग ₹500. एकूण ₹5,000. सूचनेतले पाचशे म्हणजे या पाच हजारांचे बरोबर दहा टक्के. म्हणून ती रक्कम पाहताक्षणी कुणाला खटकत नाही. पण शासनाचा आदेश संपूर्ण बिलाचे दहा टक्के घ्या असं सांगत नाही, सेवा शुल्काचे सांगतो. पहारेकरी आणि सफाई कामगारांचे पगार, जिन्यातली आणि आवारातली वीज, कार्यालयाचा छपाई-टपालाचा खर्च, लेखापरीक्षण फी अशा खर्चाची वाटणी म्हणजे सेवा शुल्क. कर, पाणी, दुरुस्ती निधी, सिंकिंग फंड, लिफ्ट, पार्किंग ही संस्थेच्या नियमावलीतली, म्हणजे उपविधींमधली, निराळी शीर्षकं आहेत. ₹1,800 चे दहा टक्के ₹180 होतात. महिन्याला ₹320 जादा, चार महिन्यांचे ₹1,280.

हा वाईट हेतूचा प्रकार असतोच असं नाही, बरं का. सचिव बहुधा नोकरी सांभाळून फुकट काम करणारा माणूस असतो. बिलं बाहेरचा अकाउंटंट तयार करतो. त्याने तक्त्यात एकूण बेरजेच्या रकान्याला दहा टक्क्यांचं सूत्र लावलं की इमारतीतल्या भाड्याच्या सगळ्या सदनिकांना तीच चूक लागते. म्हणून पत्रात आरोप नको, गणित हवं.

बाईंनी पाठवलेलं पत्र साधारण असं आहे.

"मा. सचिव महोदय, सप्रेम नमस्कार. विषय: सदनिका क्र. 402, बिनभोगवटा शुल्काच्या रकमेबाबत. संस्थेच्या सभासदांच्या ग्रुपवर आलेल्या सूचनेचा स्क्रीनशॉट मला मिळाला. त्याची छापील प्रत सोबत जोडली आहे. त्यात सूचनेचा क्रमांक, तारीख, सही आणि शेवटची ओळ दिसत नाही. कृपया मूळ सूचनेची पूर्ण प्रत द्यावी.

"माझी सदनिका करार करून भाड्याने दिलेली आहे आणि नियमानुसार देय असलेलं बिनभोगवटा शुल्क मला मान्य आहे. मात्र 1 ऑगस्ट 2001 च्या शासन आदेशानुसार ते सेवा शुल्काच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त आकारता येत नाही. माझ्या बिलात सेवा शुल्क ₹1,800 आहे, म्हणजे देय शुल्क दरमहा जास्तीत जास्त ₹180. सूचनेतील ₹500 ही रक्कम बिलाच्या एकूण ₹5,000 वर काढलेली दिसते. चार महिन्यांची देय रक्कम ₹720, मागणी ₹2,000, फरक ₹1,280.

"या आकारणीचा आधार असलेल्या सर्वसाधारण सभेच्या ठरावाची प्रत आणि रक्कम कशी काढली त्याचा तपशील कृपया लेखी द्यावा. थकबाकी दिसू नये म्हणून मी बिलाची पूर्ण रक्कम भरत आहे. त्यातील ₹1,280 हक्क राखून भरले आहेत. हिशेब दुरुस्त करून ही रक्कम पुढील बिलात जमा दाखवावी, ही विनंती."

पत्र एवढंच. गच्ची गळते, पार्किंगमध्ये दुसऱ्याची गाडी उभी असते, पाण्याची वेळ बदलली, हे सगळं बाईंच्या मनात होतं. मी म्हटलं, ते दुसऱ्या पत्रात. एका पत्रात पाच गाऱ्हाणी आली की समिती सोप्या गाऱ्हाण्याला उत्तर देते आणि पैशाचं तसंच पडून राहतं.

"हक्क राखून" म्हणजे रक्कम मान्य नाही, ती परत मागण्याचा हक्क सोडलेला नाही, असं सांगून भरणं. या शब्दांवर बाईंनी मला अडवलं. चुकीची रक्कम भरायचीच कशाला? सांगतो. ती कापलेली चौथी ओळ व्याजाची असणार. आदर्श उपविधींप्रमाणे थकबाकीवर वर्षाला 21 टक्क्यांपर्यंत सरळव्याज लागू शकतं. ₹1,280 वर ते वर्षाला दोनशे एकोणसत्तरच्या आसपास भरतं, म्हणजे महिन्याला बावीस-तेवीस रुपये. खरी अडचण व्याजाची नाही. थकबाकीदारांच्या यादीत नाव लागलं की समितीच्या निवडणुकीला उभं राहताना, सदनिका विकताना, ना हरकत पत्र मागताना तेच पुढे केलं जातं. शिवाय थकबाकीसाठी संस्था निबंधकांकडून वसुलीचा दाखला मागू शकते. रक्कम मोठी असेल, लाखाच्या घरात, तर पैसे रोखून ठेवायचे की नाही हे वकिलाला विचारून ठरवावं. पण बाराशे-तेराशे रुपयांसाठी माझा सल्ला एकच, भरा आणि लिहून भरा. ऑनलाइन भरताना शेऱ्याच्या जागेतही "हक्क राखून" टाका आणि त्या व्यवहाराची पावती ठेवा.

स्क्रीनशॉटबद्दलही थोडं सांगायला हवं. तो पत्राला जोडायला चालतो, पण सगळा वाद त्याच्यावर उभा करू नये. पुढे पुढे पाठवताना चित्र बारीक होतं, आठाचा सहा वाचला जातो. म्हणून त्यातला मजकूर पत्रात स्वतःच्या शब्दांत आकड्यांसह लिहावा. छापील प्रतीवर तो कोणत्या तारखेला, कोणत्या ग्रुपवर मिळाला ते लिहून सही करावी. मूळ संदेश मोबाइलमधून काढून टाकू नये. काही ग्रुपवर ठरावीक दिवसांनी संदेश आपोआप पुसले जातात, ते आधी तपासावं. आणि ग्रुपवरच वाद घालू नये. तिथे शंभर जण वाचतात, चार जण चिडतात आणि संस्थेच्या दप्तरात एक ओळही जात नाही.

पत्र संस्थेच्या कार्यालयात द्यावं आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, सही घ्यावी. शिक्का द्यायला टाळाटाळ झाली तर तेच पत्र संस्थेच्या नोंदणीकृत पत्त्यावर स्पीड पोस्टने पाठवावं आणि पावती जपून ठेवावी. या बाई बाहेरगावी असल्यामुळे त्यांनी पोस्टच केलं, शिवाय संस्थेच्या ईमेलवरही एक प्रत पाठवली.

समितीकडून एक उत्तर हमखास येतं, "सर्वसाधारण सभेने ठराव केला आहे." खरंच ठराव असेल तर त्याची प्रत मागावी, सभेची तारीख पाहावी, ठरावात नेमकी रक्कम आहे की नुसतं "नियमानुसार" असं लिहिलंय ते पाहावं. पुष्कळदा ठरावात "नियमानुसार आकारावे" एवढंच असतं आणि पाचशेचा आकडा नंतर कुणीतरी टाकलेला असतो. आणि ठरावात पाचशे लिहिलेले असले तरी सभेला शासनाच्या मर्यादेपलीकडे जाता येत नाही. सभेला शुल्क दहा टक्क्यांहून कमी ठेवता येईल, जास्त नाही.

समितीने दाद दिलीच नाही तर सगळी कागदपत्रं घेऊन आपल्या विभागाच्या उपनिबंधक कार्यालयात, सहकारी संस्थांच्या निबंधकांच्या हाताखालच्या त्या कार्यालयात, तक्रार करता येते. हिशेबाचा वाद चिघळला तर कलम 91 खाली सहकार न्यायालय आहे. पण तिथे वेळही जातो आणि वकिलाची फीही लागते, तेराशे रुपयांसाठी ते परवडत नाही. म्हणून पहिलं पत्रच असं असावं की सचिवांनी ते समितीपुढे ठेवावं आणि अकाउंटंटला सूत्र बदलायला सांगावं. तसं झालं तर पुढचं बिल हातात आल्यावर तीन जागा पाहा. बिनभोगवटा शुल्कासमोर ₹180 आहेत का, मागील रकमेत ₹1,280 जमा दिसतात का, आणि व्याजाच्या रकान्यात शून्य आहे का. तिसरी जागा विसरू नका, कारण दुरुस्त केलेल्या बिलातही जुनं व्याज पुष्कळदा तसंच राहून जातं.