कॉरिंथहून आलेली आनंदाची बातमी

श्रोतेहो, नमस्कार.

'पोएटिक्स' या ग्रंथात शोकांतिकेबद्दल लिहिताना अ‍ॅरिस्टॉटल एके ठिकाणी म्हणतो, की कथानकाची बांधणीच अशी हवी, की प्रयोग डोळ्यांनी न पाहता नुसत्या घटना ऐकणाऱ्याच्याही अंगावर काटा यावा, त्याला कणव यावी. उदाहरण म्हणून तो ईडिपसची गोष्ट देतो. आत्ता तुमच्यासमोर रंगमंच नाही, मुखवटे नाहीत, नुसता आवाज आहे. म्हणून ग्रीक नाटककार सॉफोक्लीजच्या त्या नाटकातला एकच प्रवेश आज तुम्हाला ऐकवायचा आहे.

थीब्ज नगरात साथ पसरली आहे. डेल्फीहून देववाणी येते, की आधीचा राजा लायस याचा खुनी याच नगरात आहे, त्याला बाहेर काढा. राजा ईडिपस सगळ्यांसमोर त्या खुन्याला शाप देतो आणि शोध हाती घेतो. त्याची राणी योकास्ता ही लायसची विधवा. ती त्याला धीर देते, की देववाणीचं काय घेऊन बसलात? लायस स्वतःच्या मुलाच्या हातून मरणार असं भाकीत होतं. तो मुलगा तीन दिवसांचाही नव्हता तेव्हाच त्याचे घोटे जखडून त्याला डोंगरावर टाकून दिलं. आणि लायसला मारलं ते लुटारूंनी, तीन रस्ते मिळतात त्या ठिकाणी.

बायको समजूत घालायला बोलली, पण ईडिपस त्या तीन रस्त्यांपाशीच अडकला. कारण तशाच एका नाक्यावर त्यानं एका म्हाताऱ्याला आणि त्याच्या माणसांना ठार केलं होतं. आता त्याला एकच आधार उरतो. लायसच्या माणसांपैकी जिवंत वाचलेल्या नोकरानं 'लुटारू' म्हटलं होतं, म्हणजे पुष्कळ जण. ईडिपस तर एकटा होता, आणि एकाचे काही अनेक होत नाहीत.

इथं कॉरिंथचा दूत येतो. ईडिपस कॉरिंथच्या राजवाड्यात वाढलेला. आपण बापाला मारू, आईशी लग्न करू, हे भाकीत ऐकून तो तिथून पळाला होता. दूत सांगतो, राजा पॉलिबस वार्धक्यानं वारला, आता लोक तुम्हालाच राजा करणार. ईडिपसचा जीव भांड्यात पडतो. बाप आजारानं गेला, म्हणजे भाकीत खोटं ठरलं! तरी एक धास्ती राहतेच, आई मेरोपी अजून जिवंत आहे. ती धास्तीही घालवावी म्हणून दूत मनापासून सांगतो, की महाराज, तिची भीती बाळगू नका. ती तुमची आई नाही आणि पॉलिबस तुमचा बाप नव्हता. सिथेरॉन डोंगरावर लायसच्या एका धनगरानं तुम्हाला माझ्या हाती दिलं. तुमचे घोटे आरपार टोचलेले होते, ते मीच मोकळे केले.

त्या दूताचा यात कसलाही दुष्टावा नाही. चांगली बातमी आणली म्हणून काही बक्षीस मिळेल, एवढीच त्याची आशा. राजाला भीतीतून सोडवायला तो आला आणि त्याच शब्दांनी त्यानं राजाला बुडवलं. अ‍ॅरिस्टॉटल याला पेरिपेटिया म्हणतो, आपण विपर्यास किंवा उलटापालट म्हणू. नुसतं नशीब फिरणं, श्रीमंताचा गरीब होणं, एवढ्याला तो हा शब्द वापरत नाही. जी कृती एका दिशेनं निघाली, तीच उलट दिशेला जाऊन पोचली पाहिजे. आणि ईडिपसमध्ये ही उलटापालट व स्वतःची ओळख पटणं एकत्र गुंफलेलं आहे, म्हणून ते त्याला सर्वोत्तम वाटतं.

आपण टाकून दिलेला मुलगा तो हाच, हे योकास्ताला ईडिपसच्या आधी कळतं. ती विनवते, की पुढं विचारू नका, आणि मग म्हणते, आपण कोण आहात हे आपल्याला कधीच न कळो! ती आत निघून जाते. ईडिपसला मात्र वाटतं, की आपलं कूळ हलकं निघेल म्हणून राणी लाजली.

आता शोकांत नायकाचा 'दोष'. कॉलेजात आपण शिकतो, की त्याच्या स्वभावात एखादा दोष असतो आणि तो त्यानं भोवतो. मग ईडिपसचा राग, त्याचा अहंकार असं उत्तरपत्रिकेत लिहितो. हे मला पटत नाही. मूळ शब्द हॅमर्शिया, आणि ज्या क्रियापदावरून तो आला त्याचा अर्थ नेम चुकणं. ईडिपस रागीट आहे, मान्य. पण त्या नाक्यावर आधी त्यालाच बळजबरीनं रस्त्यातून ढकलू पाहिलं होतं, आणि रथातल्या म्हाताऱ्यानं त्याच्या डोक्यात पराणी घातली होती. शिवाय तो शांत स्वभावाचा असता, तरी ज्यांना तो परके समजत होता ते त्याचे आईबाप होतेच. चूक झाली ती माणसं ओळखण्यात.

हा शब्दांचा कीस नाही. नायक दुष्ट असेल तर त्याच्या पडझडीनं आपल्याला बरंच वाटेल. तो पूर्ण निर्दोष सज्जन असेल आणि नुसताच चिरडला जाईल, तर किळस येईल. अ‍ॅरिस्टॉटलला मधला माणूस हवा, चांगला आणि कुठंतरी चुकलेला. लायकीपेक्षा जास्त भोगणाऱ्याबद्दल कणव येते आणि तो आपल्यासारखा असला तर भीती वाटते. 'त्याचा स्वभावच तसा' म्हटलं की आपण सुटलो. मग भीती कुठली?

ही कणव आणि ही भीती यांच्यातूनच कॅथार्सिस घडायचं आहे. मराठीत आपण विरेचन म्हणतो, तो शब्द आयुर्वेदातल्या पंचकर्मातला. म्हणजे भाषांतर करतानाच आपण एक बाजू घेऊन टाकली, की औषध देऊन पोट साफ करावं तसा भावनांचा निचरा. याला आधार आहे. 'पॉलिटिक्स' या ग्रंथात अ‍ॅरिस्टॉटल सांगतो, की अंगात येणारी माणसं पवित्र गाण्यांनी आधी बेभान होतात आणि मग उपचार झाल्यासारखी शांत होतात. पण ग्रीकमध्ये या शब्दाचा दुसरा अर्थ शुद्धी असाही आहे, विटाळ धुऊन काढण्याचा. प्लेटोची तक्रार होती, की काव्य भावनांना पाणी घालतं, त्या सुकायला हव्यात. त्याला हे उत्तर असावं, की नाटक भावना वाढवून सोडून देत नाही, त्यांना कुठंतरी पोचवतं. शोकांतिकेच्या व्याख्येत हा शब्द एकदा येतो आणि त्याचा उलगडा आज उपलब्ध असलेल्या 'पोएटिक्स'मध्ये नाही.

माझ्या मते नुसता निचरा म्हणणं अपुरं आहे. अथेन्सच्या प्रेक्षकाला ही कथा आधीच ठाऊक होती. दूत तोंड उघडतो तेव्हा शेवट काय ते त्याला माहीत असतं आणि समोरचा माणूस तर आनंदात असतो. प्रेक्षक त्याला थांबवू शकत नाही. पुढं म्हातारा धनगर म्हणतो, आता भयंकर ते बोलायची वेळ आली. ईडिपस उत्तर देतो, आणि माझ्यावर ते ऐकायची, पण ऐकलंच पाहिजे. तिथं आपली भीती आंधळी राहत नाही. एकेक दुवा जुळताना आपण पाहिलेला असतो. ती कशाची भीती आहे आणि कणव कुणाची आहे, हे तोवर स्वच्छ झालेलं असतं.

योकास्तानं गळफास घेतलेला असतो. तिच्या वस्त्रावरच्या सोन्याच्या टाचण्यांनी ईडिपस डोळे फोडून घेतो आणि बाहेर येतो. थीब्जच्या वृद्धांचा कोरस समोर उभा आहे. त्यांना त्याच्याकडे बघवत नाही. त्यांना खूप काही विचारायचं आहे, जाणून घ्यायचं आहे, त्याला पाहायचंही आहे. पण ते थरथरत तोंड फिरवतात.